बोनस कर्जात भरायचा की गुंतवायचा?

चि. सोनू,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. बोनसचे 2 लाख आत्ता गृहकर्जात भरले तर 5.8 लाख व्याज वाचेल, असं कॅल्क्युलेटर दाखवतोय आणि म्हणून तू लगेच भरायला निघाली आहेस. मी इतकी वर्षं कर्ज विभागात काढली, म्हणून आवर्जून सांगते, या एका आकड्यावर निर्णय घेऊ नकोस.

आकडा खोटा नाही. तुझं कर्ज 40 लाखांचं, 8.5 टक्क्यांनी, 20 वर्षांचं, हप्ता 34,713. तीन वर्षं झाली, तरी मुद्दल अजून 37.4 लाखांच्या आसपास बाकी आहे आणि 204 हप्ते उरलेत. 2 लाख भरून हप्ता आहे तेवढाच ठेवलास, तर शेवटचे बावीसएक हप्ते कमी होतात. त्यांची बेरीज साधारण 7.8 लाख, त्यातून तुझे 2 लाख गेले की 5.8 उरतात. पण ही बचत हातात पडायला सुरुवात होईल ती पंधरा वर्षांनी. तेच 2 लाख दुसरीकडे 8.5 टक्क्यांनी, दरमहा चक्रवाढीने वाढले असते, तर 17 वर्षांनी त्यांचे 8.4 लाख झाले असते. आणि वाचलेले हप्ते शेवटी त्याच दराने गुंतवत गेलीस तरी 8.4 लाखच होतात. म्हणजे मुदतीआधी कर्ज भरणं ही 8.5 टक्के देणारी, जोखीम नसलेली गुंतवणूक आहे. त्याहून जास्त नाही, कमीही नाही. फक्त व्याजावर करसवलत घेत असशील, तर तेवढा हा दर कमी धर.

म्हणूनच ‘सुरुवातीच्या वर्षांत भरलं तरच फायदा, नंतर काही अर्थ नाही’ हेही मनावर घेऊ नकोस. लवकर भरलेल्या पैशाला वाढायला जास्त वर्षं मिळतात, म्हणून बचतीचा आकडा मोठा दिसतो. परताव्याचा दर मात्र तिसऱ्या वर्षी आणि तेराव्या वर्षी तोच.

आता तुलना सोपी होते. मुदत ठेवीवर 7 टक्के मिळाले आणि त्यावर 30 टक्के कर गेला, तर हातात 4.9 उरतात. एका हाताने 8.5 ने घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने 4.9 ने ठेवायचे, यात दरवर्षी नुकसानच. तेव्हा सुरक्षित गुंतवणूक विरुद्ध कर्ज, हा प्रश्न इथेच मिटला. उरतात शेअर्स, म्हणजे इक्विटी फंड. तिथे लांब मुदतीत 8.5 पेक्षा जास्त मिळण्याची शक्यता आहे, पण हमी नाही, आणि मधली चार-पाच वर्षं हाती काहीच न लागता जाऊ शकतात. जे पैसे दहा वर्षं लागणार नाहीत आणि पडत्या बाजारात जे तू काढणार नाहीस, तेवढेच तिथे घाल. बोनसमधला जो भाग तू एरवी ठेवीत ठेवला असतास, तो कर्जात जाऊ दे. माझ्या मते तुझ्यासाठी निम्मे-निम्मे ठीक आहे.

मात्र वाटणीच्या आधी सहा महिन्यांचा घरखर्च, हप्त्यासकट, वेगळा काढलेला हवा. ते पैसे ठेवीत कमी व्याजावर राहिले तरी चालतील. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. बोनस देणारी आणि पगार देणारी कंपनी एकच आहे. वाईट वर्षात बोनस थांबतो, तेव्हा नोकरीवरही टांगती तलवार असते. कर्जात भरलेले पैसे तेव्हा परत मागता येत नाहीत, आणि आधी जास्त भरले म्हणून पुढच्या महिन्याचा हप्ता माफ होत नाही. ओव्हरड्राफ्ट जोडलेलं गृहकर्ज मिळत असेल तर विचार. त्यात ठेवलेल्या रकमेइतक्या कर्जावर व्याज लागत नाही आणि ती गरजेला काढता येते, पण दर बहुधा थोडा जास्त असतो. तो फरक अख्ख्या शिल्लक मुद्दलावर लागतो, तेव्हा नीट हिशेब करून बघ.

भरायचं ठरलं की मुदतपूर्व भरण्याचं शुल्क आहे का ते करारात वाच. ‘रक्कम मुद्दलात वळती करावी, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी’ असं लेखी दे. हप्ता कमी करून घेतलास तरी परतावा 8.5 चाच, पण दरमहा सुटणारे अठराशे-एकोणीसशे खर्चात जिरतात, हे मी अनेक खात्यांत पाहिलंय.

पुढच्या महिन्याचं स्टेटमेंट उघडून व्याजाचा रकाना बघ. सगळे 2 लाख भरले असतील तर व्याज सुमारे 1,417 ने उतरलेलं दिसेल, 1 लाख भरला असेल तर 708 ने. उतरलं नसेल, तर रक्कम आगाऊ हप्ते म्हणून बाजूला पडून आहे. त्याच दिवशी लेखी तक्रार कर आणि मला फोन कर.

तुझी,
आई