पेटीतली नोट आणि खात्यातली नोंद

चि. मीनल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

घरातली बचत बँकेत ठेवावी, या विषयावर ग्रामसभेत करावयाच्या भाषणाचा तुझा मसुदा मी दोनदा वाचला. तू बँक सखी म्हणून गावात काम करतेस, तेव्हा लोक तुझे ऐकतील. पण तू सुरुवात व्याजापासून केली आहेस, ती बदलावीस असे मला वाटते. बचत खात्यावर अडीच टक्के व्याज धरले, तर पन्नास हजारांवर वर्षाला साडेबाराशे रुपये मिळतात. हा आकडा सांगितलास की पारावरचा कोणीही म्हणेल, ‘माझी एक शेळी याहून जास्त देते,’ आणि सभा हसण्यावारी जाईल. पैसे पेटीत ठेवणारा माणूस वाढीसाठी ठेवतच नाही; रात्री-अपरात्री हाताशी असावेत म्हणून ठेवतो. म्हणून त्याच्याशी सुरक्षिततेविषयीच बोलायला हवे.

त्यासाठी तुला एक हकिगत देतो. मी रोखपाल असताना एक वृद्ध बाई लुगड्याच्या पदरात बांधलेले पुडके घेऊन खिडकीशी आल्या. भिंतीतल्या लाकडी कपाटात त्यांनी पाचशेच्या 160 नोटा, म्हणजे 80 हजार रुपये, मुलीच्या लग्नासाठी ठेवले होते. पावसाळ्यानंतर कपाट उघडले तेव्हा वाळवी पुडक्यातून आरपार गेली होती. बाईंनी रात्रभर बसून तुकडे जुळवले होते आणि चिकटपट्टीने नीट जोडून आणले होते. ती मेहनत पाहून मला पुढचे बोलणे जड गेले, कारण नियम जोडकामाकडे पाहत नाही. पन्नास रुपये व त्याहून मोठ्या नोटेच्या बाबतीत सर्वांत मोठा अखंड तुकडा किती आहे, हे मोजले जाते. तो मूळ नोटेच्या 80 टक्क्यांहून अधिक असेल तर पूर्ण रक्कम, 40 ते 80 टक्के असेल तर निम्मी, आणि 40 टक्क्यांहून कमी असेल तर काहीच नाही.

अशा नोटा थोड्या असतील तर लहान शाखाही त्या तपासून घेते. पुडके मोठे असेल तर करन्सी चेस्ट असलेली शाखा गाठावी लागते. तिथे मोजणी झाली तेव्हा 70 नोटांचे पूर्ण पैसे, म्हणजे 35 हजार, मिळाले. 50 नोटांचे निम्मे, म्हणजे साडेबारा हजार, मिळाले. उरलेल्या 40 नोटांचे काहीही मिळाले नाही. ऐंशी हजारांतून साडेसत्तेचाळीस हजार हाती आले आणि साडेबत्तीस हजार वाळवीने खाल्ले. नोटा जळून कोळशासारख्या झाल्या असत्या किंवा एकमेकींना चिकटून ठिसूळ झाल्या असत्या, तर हा निकालही शाखेत झाला नसता. रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयापर्यंत जावे लागले असते.

आता यातून सभेला जे सांगायचे ते असे. पेटीतली नोट हाच पैसा असतो. नोट गेली की पैसा गेला. बँकेतले पासबुक मात्र पैसा नव्हे, ती फक्त नोंद आहे. घराला आग लागली, पुराचे पाणी शिरले किंवा चोराने पासबुक उचलून नेले, तरी बँकेच्या दप्तरातील नोंद शाबूत राहते आणि ओळख पटवून नवे पासबुक घेता येते. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री हाच फरक दिसला होता. पाचशे आणि हजारच्या जुन्या नोटा रद्द झाल्या तेव्हा खात्यात असलेल्या रकमेला कोणी हात लावला नाही. पण डाळीच्या डब्यातली रक्कम 30 डिसेंबरपर्यंत बँकेत भरावी लागली, आणि ज्यांना ती नंतर सापडली त्यांच्या हाती नुसता कागद उरला.

एवढे बोलून झाले की कोणीतरी उठून विचारेल, ‘आणि बँकच बुडाली तर?’ हा प्रश्न टाळू नकोस आणि बँका बुडत नाहीत असे तर मुळीच म्हणू नकोस. सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदारांना सुरुवातीला केवळ एक हजार रुपये काढता येत होते, हे लोकांच्या लक्षात आहे. त्या वेळी ठेवींवरील विम्याची मर्यादा एक लाख होती. ती 4 फेब्रुवारी 2020 पासून पाच लाख झाली. आणि पैसे काढण्यावर निर्बंध आले तर विम्याची रक्कम 90 दिवसांत देण्याची तरतूद 2021 मध्ये कायद्यात आली. हे पाच लाख एका माणसामागे आणि एका बँकेमागे असतात, त्यांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात, आणि एकाच बँकेच्या दोन शाखांत पैसे ठेवल्याने मर्यादा दुप्पट होत नाही. विम्याचा हप्ता बँक भरते.

इथे एक गोष्ट तू स्पष्ट सांगितलीच पाहिजेस, मग समोर कोणीही बसलेले असो. हा विमा बँकांना आहे, सहकारी बँकांनाही आहे. पण पतसंस्थेला तो नाही, आणि गावच्या विकास सोसायटीलाही नाही. पतसंस्थेची पाटी, काउंटर आणि पासबुक बँकेसारखेच दिसते, रोज दुकानावर येणारा पिग्मी एजंट ओळखीचा असतो आणि व्याज दोन टक्के जास्त असते. कित्येक पतसंस्था उत्तम चालतात, हेही खरे. परंतु तिथल्या ठेवीमागे ती पाच लाखांची हमी नाही, हे ठेवीदाराला पैसे ठेवण्यापूर्वी माहीत असावे.

तुझ्या स्वतःच्या यंत्राविषयीही बोल; ते तू बोललीस तरच लोकांचा विश्वास बसेल. आधारवर अंगठा लावून पैसे देणारा एखादा लबाड माणूस ‘अंगठा नीट उमटला नाही, पुन्हा लावा’ असे म्हणतो, दोन वेळा रक्कम काढतो आणि एकदाच हातात देतो. म्हणून व्यवहार फसला असला तरी त्याची छापील पावती मागावी, आणि महिन्यातून एकदा शाखेत पासबुक भरून घ्यावे. न केलेला व्यवहार दिसला तर त्याच दिवशी बँकेला कळवावे. खातेदाराची चूक नसताना, आणि बँकेचीही नसताना, पैसे गेले असतील, तर तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास नुकसान त्याच्यावर पडत नाही. मात्र ओटीपी किंवा पिन त्यानेच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच.

आदल्या महिला ग्रामसभेत तुला निराळा प्रश्न येईल, आणि तो बहुधा कोणी उघड विचारणार नाही. डब्यातले पैसे चोरापासून नव्हे, घरातल्याच माणसापासून लपवलेले असतात. त्या बायकांना खाते एकटीच्या नावावर काढायला सांग, आणि खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक कोणाचा आहे हे तपासायला सांग. तो नवऱ्याचा असेल तर प्रत्येक भरणा त्यालाच संदेशातून कळतो. नॉमिनी म्हणून कोणाचे नाव लावायचे हेही तिचे तिने ठरवावे. मी नोकरीत असताना नामनिर्देशनाचा रकाना रिकामा राहिल्यामुळे वारसांना महिनोन्‌महिने खेटे घालताना पाहिले आहे.

घरी एकही रुपया ठेवू नका, असे मात्र सांगू नकोस. रात्री सर्पदंश झाला तर गाडीवाला रोख मागतो. महिन्याच्या किराण्याएवढी आणि एका दवाखान्याच्या फेरीएवढी रक्कम घरात असावी. उसाचे बिल, जनावर विकल्याचे पैसे आणि लग्नासाठी साठवलेली रक्कम खात्यात असावी.

आणि सभेच्या दिवशी यंत्र सोबत नेऊ नकोस. भाषण संपताच खाती उघडायला बसलीस, तर तू कमिशनसाठी बोललीस असे लोक म्हणतील. ज्यांना पटेल ते दुसऱ्या दिवशी तुझ्याकडे येतील.

तुझे,
आप्पा