बारशाचे फोटो, या पाकिटात आणि एका लिंकमध्ये

ती. आई आणि बाबा,
सा. न.

बारशानंतर मी दोनशे चौदा फोटो एका दमात घरच्या ग्रुपवर टाकले, तेव्हा बाबांच्या फोनचं काय होईल याचा विचारच केला नाही. ग्रुपवर आलेला प्रत्येक फोटो आपोआप फोनमध्ये उतरत गेला आणि फोन भरला. बाबा, जागा करायला म्हणून तुम्ही पुसत बसलात आणि त्यात तात्यांच्या पंचाहत्तरीचे फोटोही गेले. ते ताईकडे मिळाले, पण ती चूक माझी होती. तुमचा फोन वापरण्यात काही चुकलेलं नाही.

यावेळी निराळं केलंय. आधी दोनशे चौदामधून मी फक्त साठ निवडले. एकाच क्षणाचे पाच-पाच होते, त्यातला ज्यात बाळाचे डोळे उघडे आहेत तो ठेवला. ते साठ एका अल्बममध्ये घालून बाबांना लिंक पाठवलीय. आपल्या दोघांच्या चॅटमध्ये ती एकटीच आहे, आधी-मागे काही लिहिलं नाही, म्हणजे शोधावी लागणार नाही. ती निळी ओळ `https://photos.app.goo.gl/` अशी सुरू होते. तिच्यावर एकदा बोट टेकवा, फोटो दिसतील आणि डावीकडे सरकवत गेलं की पुढचा येईल. तुम्ही स्वतः ‘डाउनलोड’ दाबलं नाहीत तर यातला एकही फोटो तुमच्या गॅलरीत येऊन बसणार नाही. मात्र बघताना नेट सुरू हवं.

पाठवण्याआधी मी ती लिंक ब्राउझरच्या खाजगी खिडकीत, म्हणजे माझ्या खात्याबाहेर उघडून पाहिली. पासवर्ड न मागता उघडली. त्यामुळे फोटो पाहायला कोणी पासवर्ड किंवा ओटीपी मागितला तर काहीही टाइप करू नका, मला फोन करा. अल्बममध्ये इतरांनी फोटो घालायची सोय मी बंद ठेवलीय, तेव्हा कुठेही बोट लागलं तरी काही बिघडणार नाही. आणि बाबा, ही लिंक ज्याच्या हातात जाईल त्याला सगळे फोटो दिसतात. बाळाचे न्हाणीतलेही आहेत. म्हणून ती गावाच्या ग्रुपवर पाठवू नका.

काका फक्त ईमेल बघतात. एक मूळ फोटो साधारण चार एमबीचा आणि जीमेलवर एका पत्राला पंचवीस एमबीची मर्यादा, म्हणजे साठ फोटो पाठवायला दहा-पंधरा पत्रं झाली असती. त्यांना बारा फोटो लहान करून एकाच पत्रात पाठवलेत. संगणकावर बघायला तेवढे पुरतात, छापायला नाही.

आता आई, हे पाकीट तुझं. यात छत्तीस प्रिंट आहेत, चार बाय सहा इंचाचे. कागद मुद्दाम मॅट घेतला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुला चकचकीत कागदावर दिव्याची तिरीप टोचते, आणि मॅटवर बोटांचे ठसेही कमी दिसतात.

पहिल्या खेपेला दोन प्रिंट वाया गेले. मोबाइलचा फोटो चारास तीन या मापाचा असतो आणि हा कागद सहास चार. सहा इंच रुंदी भरायची तर फोटोची उंची साडेचार इंच होते, आणि कागद चारच इंच. तो अर्धा इंच वरून-खालून कापला जातो. एकत्र फोटोत मागच्या ओळीतल्या मामांचं कपाळच गेलं होतं! मग दुकानदाराला सांगून तो फोटो न कापता, बाजूला पांढरी पट्टी सोडून छापून घेतला. म्हणून काही प्रिंटना कडेला पांढरं दिसेल, ते खराब नाहीत. शिवाय छापायला मूळ फाइलच पेनड्राइव्हवर दिल्या. ग्रुपवरून परत उतरवलेल्या फोटोचा आकार आधीच कमी झालेला असतो, मोठा छापला की चेहरे पुसट येतात.

प्रत्येक प्रिंटच्या मागे एक आकडा लिहिलेली चिठ्ठी डकवलीय. बॉलपेनने सरळ कागदावर लिहिलं असतं तर पुढच्या बाजूला वळ उठला असता. तुला कुठला फोटो मोठा, भिंतीवर लावायला हवा असेल तर फोनवर फक्त तो आकडा सांग. माझ्याकडे तीच यादी आहे, आठ बाय दहाचा करून पाठवते.

एक काम आहे. तेवीस नंबरच्या फोटोत पाळण्याशी दोन आजी बसल्यात. डावीकडच्या गोपाळच्या आत्या असाव्यात, पण हिरव्या लुगड्यातल्या कोण ते मला ओळखू येत नाही. बाबांना चिठ्ठीवर नाव लिहायला सांग आणि मलाही कळव. त्यांचाही एक प्रिंट काढून ठेवलाय, नाव कळलं की पोस्टात टाकते.

तुमची,
मनू