लोन संपलं, विमा नाही

संपादक साहेब, ट्रॅक्टरचं ५ वर्षांचं लोन मी २ वर्षांतच निल केलं, एनओसी घेतली अन् परभणीला घरी आलो, पण लोनमधूनच ९ हजारांचा हप्ता कापून काढलेल्या लोनच्या विम्याचं कुणी बोललंच नाही. तो आपोआप बंद होत नसतो बरं का, विम्याच्या सर्टिफिकेटवरचा नंबर बघून विमा कंपनीलाच अर्ज द्यावा लागतो, सोबत एनओसी अन् कॅन्सल चेक. ३ वर्षं उरली म्हणून मी ५४०० परत मिळतील असं धरून बसलो, आले ३७००, कारण कव्हर लोनसोबत घटत जाणारं होतं अन् परताव्याचा फॉर्म्युला सर्टिफिकेटच्या मागं बारीक अक्षरात होता. विमा चालू ठेवायचा असंल तर तसंही जमतं म्हणे.
— एक शेतकरी, परभणी