मुंजीच्या स्वयंपाकाचं कंत्राट घेतलेल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

मुंज पार पडली. जेवणाचं कौतुक सगळ्यांनी केलंच, पण मला आभार मानायचेत ते तुम्ही सोमवारी रात्री पाठवलेल्या मेसेजचे.

मुहूर्त सकाळी ९:४८ चा नसून ११:३६ चा आहे, हे मी तुम्हाला फोनवर घाईघाईत सांगितलं. पंचांगातली वरची ओळ वाचली होती मी! पंगत तेवढी पुढे जाईल, एवढंच माझ्या डोक्यात. तुमचा मेसेज असा होता: "रविवार, मुहूर्त ११:३६. नाश्ता आधीसारखाच ८ वाजता. मातृभोजनाची १० पानं ८:३० ऐवजी १०:१५ ला. पहिली पंगत १२ ऐवजी १:१५ ला. जेवणाची पानं सध्या १८०. आकडा बदलायचा तर गुरुवारी संध्याकाळी ६ पर्यंत. नंतर १० पानं वाढवता येतील, कमी होणार नाहीत. 'बरोबर आहे' असं उत्तर पाठवा."

मातृभोजन मुहूर्ताच्या आधी असतं, म्हणजे तेही सरकणार, हे आमच्या घरात कोणालाच सुचलं नव्हतं. बटू, त्याची आई आणि अष्टवर्गाची आठ मुलं साडेआठलाच जेवून बसली असती आणि पुढे तीन तास ताटकळली असती.

गुरुवारच का, असं मी जरा कुरकुरत विचारलं होतं. शुक्रवारी सकाळी डेअरीला चक्का सांगावा लागतो आणि वाढपी पानांच्या हिशेबाने ठरतात. एकदा सांगितलेला चक्का परत जात नाही, असं तुम्ही समजावलंत. वर विचारलंत, "गुरुजी, फोटोवाले, गाड्यांचे ड्रायव्हर धरलेत का?" धरले नव्हते.

मग बुधवारी रात्री आम्ही यादी घेऊन बसलो आणि एकेका घरी फोन केला. 'सहकुटुंब' लिहिलेल्या घरांतून नेमके किती येणार, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. सांगलीची मंडळी येणार नव्हती, दोन घरांत परीक्षा होत्या. २३ पानं कमी झाली, विसरलेली ७ वाढली. गुरुवारी पाच वाजता तुम्हाला १६४ कळवलं. शनिवारी मावशींनी परस्पर आठजणांना बोलावलं (त्या बोलावतातच), तेही तुमच्या दहात बसले. बिल १७२ पानांचं, ठरल्याप्रमाणे.

आणि एक. पंगत उशिरा म्हणून मठ्ठा तुम्ही साडेबारानंतर घुसळायला घेतलात आणि पुऱ्या पंगत बसल्यावरच तळल्यात. एप्रिलच्या उन्हात सकाळचा मठ्ठा दीडला आंबट लागला असता. हे मेसेजमध्ये नव्हतं, पण आमच्या आईने मुदपाकखान्यात डोकावून पाहिलं होतं.

तुमचा एक झारा आमच्या डब्यांबरोबर घरी आला आहे. बुधवारी आणून देतो.

आपला,
बटूचा बाबा