विषय: लॅपटॉप गरम होऊन बंद पडतोय, आणि सर्व्हिस सेंटर म्हणतं एसी बसवा

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

नमस्कार, मी अकोल्यात लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. तुमचा लॅपटॉप वॉरंटीत आहे. व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की फॅन जोरात फिरतो, स्पीड पडतो आणि थोड्या वेळात मशीन आपोआप बंद होतं. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी बाहेरूनच ब्लोअर मारला आणि सांगितलं की तुमची रूम गरम आहे, एसी लावा, आमच्याकडून काही होणार नाही.

मॅन्युअलमध्ये 35 डिग्रीपर्यंतच वापरा असं लिहिलंय हे मला मान्य आहे, आणि मे महिन्यात दुपारी माझी रूम 39 पर्यंत जाते, म्हणून दुपारी मी एक्स्पोर्ट लावतच नाही, फक्त कटिंग करतो. पण पहाटे रूम 29 वर असते, म्हणजे तुमच्या लिमिटच्या बरीच खाली, तेव्हाही HWiNFO मध्ये प्रोसेसर मिनिटाभरात 97 डिग्री दाखवतो आणि स्पीड 1 गिगाहर्ट्झच्याही खाली येतो. रूम 10 डिग्रीने थंड झाली तर त्याच कामाला प्रोसेसर साधारण तेवढाच थंड राहायला हवा नाहीतर निदान स्पीड तरी वाढायला हवा, इथे दोन्ही होत नाही. मग रूमचा दोष कसा?

अजून एक, फॅन एवढा ओरडतो पण मागच्या जाळीवर हात धरला तर हवा अगदी मंद आणि कोमट लागते, खालचा भाग मात्र चटका देतो. म्हणजे उष्णता बाहेर पडतच नाहीये. फॅन आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा थर बसला असेल, तो बाहेरून दिसत नाही आणि बाहेरून ब्लोअर मारून निघतही नाही, त्यासाठी मागचं कव्हर उघडून फॅन काढावा लागतो. थर्मल पेस्ट सुकली असेल तर तीही बदलावी लागेल.

वापरात हयगय नाही. लॅपटॉप लाकडी टेबलावर मागून उचलून ठेवतो, गादीवर कधीच नाही. कूलरची ओली हवा थेट त्याच्यावर सोडत नाही, बाजूने जाऊ देतो. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी गरमीत सतत राहिली तर लवकर खराब होते म्हणून तुमच्याच सॉफ्टवेअरमधून चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवलंय. Maximum processor state 99% वर आणून टर्बो बंद केला तरी मशीन बंद पडतंच.

आता कव्हर उघडून हीटसिंक साफ करा, पेस्ट बदला आणि बॅटरी फुगली नाही ना ते बघा, कारण टचपॅड हल्ली थोडं वर आल्यासारखं वाटतंय आणि ते मला जास्त धोक्याचं वाटतं. काम झाल्यावर माझ्यासमोर अर्धा तास एक्स्पोर्ट चालवून टेंपरेचर दाखवा, मगच मी जॉबशीटवर सही करेन. आणि तरीही दोष राहिला तर वॉरंटीत पार्ट बदलून द्या, आणि नाही म्हणणार असाल तर कारण लेखी द्या.

एक ग्राहक, अकोला