ढगातला पेला आणि ढगातला हात

प्रिय वैजू,

तुझं पाकीट बुधवारी मिळालं. आतला फोटो बघितला आणि पत्र वाचायच्या आधीच पोटात गलबललं. निळ्या चादरीवर तीन टॅरो कार्डं, आणि खाली तुझ्या अक्षरात ‘मी’, ‘तो’, ‘आमच्यात’. ‘मी’च्या जागी सेव्हन ऑफ कप्स, ‘तो’च्या जागी फोर ऑफ कप्स, तिसरं पेज ऑफ कप्स. पुढे तू लिहिलंयस, “मंदा, सगळे कपच आले गं. म्हणजे भावना तर आहेत ना? त्याने अजून माझ्याकडे बघितलंच नाहीये एवढंच. थांबू का?”

उत्तर फोनवर देता आलं असतं, पण फोनवर तू मला मधेच तोडशील आणि मी तुझ्या आवाजाला विरघळेन. म्हणून लिहितेय.

आधी फोर ऑफ कप्स. तुझा डेक रायडरचाच आहे, १९०९चा, पामेला कोलमन स्मिथने काढलेला, त्यामुळे चित्रावर बोलता येईल. एक तरुण झाडाला टेकून बसलाय, मांडी घातलेली, हाताची घडी. समोर गवतावर तीन पेले. बाजूला एका ढगातून हात आलाय आणि त्या हातात चौथा पेला आहे. त्याची नजर खाली आहे. तू याचा अर्थ लावलास की तो तरुण म्हणजे ‘तो’, चौथा पेला म्हणजे तू, आणि एक दिवस तो मान वर करेल. वैजू, हाच अर्थ मी चौदा महिने लावला होता. तुला माहीत आहे कोणासाठी. दर रविवारी रात्री कार्डं काढायची आणि वहीत लिहायचं. मागच्या महिन्यात ती वही काढून बघितली. फोर ऑफ कप्स चारदा आलंय, आणि चारही वेळा मी शेजारी लिहिलंय, ‘अजून बघितलं नाही. बघेल.’ त्या चौदा महिन्यांत तो माणूस माझ्या रोज समोर होता. एका टेबलावर डबा खायचो आम्ही. न बघायला काय झालं होतं त्याला? त्याने बघितलं होतं. त्याला तो पेला नको होता.

हा डेक ज्याने आखला त्या वेटने या कार्डाबद्दल जे लिहिलंय त्यात कुठेही ‘अजून कळलेलं नाही’ असं नाही. कंटाळा आहे, वीट आहे, समोर आलेल्या गोष्टीतही समाधान न वाटणं आहे. हाताची घडी हे उत्तर असतं, वैजू. दुसऱ्याच्या जागेवर हे कार्ड सरळ पडलं तर मी आता एवढंच वाचते की आज या माणसाचा हात पुढे आलेला नाही. उद्याचं त्यात काही नाही, आणि लपवून ठेवलेल्या प्रेमाचं तर अजिबातच नाही.

आता तुझं स्वतःचं कार्ड. खरं पत्र त्याबद्दलच आहे, कारण ‘तो मान वर करेल’ हे वाक्य फोर ऑफ कप्समधून आलेलंच नाही, ते सेव्हन ऑफ कप्समधून आलंय. दोन्ही कार्डं शेजारी ठेव आणि फक्त ढग बघ. दोन्हीकडे ढग आहे, दोन्हीकडे ढगातून पेला येतो, म्हणून आपली गल्लत होते. पण फोरमध्ये पेल्यामागे हात आहे आणि खाली जमीन आहे, गवत आहे, झाड आहे. सेव्हनमध्ये सात पेले, प्रत्येकात काहीतरी वेगळं, नुसते ढगावर टेकलेत. देणारं कोणी नाही. जमीन तर कुठेच दिसत नाही. आणि जो माणूस बघतोय तो पाठमोरा, नुसता काळा आकार. एवढ्या सात रंगीत चित्रांसमोर बघणाऱ्यालाच चेहरा उरलेला नाही. मला ते फार खरं वाटतं. त्या चौदा महिन्यांत मी काय जेवत होते, कोणते कपडे घालत होते, मला आठवत नाही. त्याचा प्रत्येक शर्ट आठवतो.

म्हणून माझी पारख एकच आहे: हात आहे का?

तू चार पानं भरून लिहिलंयस. मी त्यातली वाक्यं दोन कागदांवर वेगळी काढली. ज्याला वार आणि जागा आहे ते एका कागदावर, बाकी दुसऱ्यावर. दुसरा कागद भरला. गंगापूर रोडला दोन खोल्यांचं घर, खिडकीत तानपुरा. तो तबल्यावर आणि तू गातेयस, समोर आई रडतेय. ‘मला कळायला उशीर झाला’ असं तो म्हणतोय. हे वाक्य तू अवतरणचिन्हांत लिहिलंयस, वैजू. मी दोनदा वाचलं तेव्हा लक्षात आलं की हे त्याने म्हटलेलंच नाही.

सातातला एक पेला झाकलेल्या आकृतीचा आहे बघ. अंगभर वस्त्र, हात पसरलेले, भोवती प्रकाश. कोणी म्हणतं तो आपला आत्मा, कोणी काही. एकतर्फी प्रेमात मला तो नेहमी ‘तो’ वाटतो. सगळ्यात उजळ तोच, आणि तोच झाकलेला. गाण्याच्या क्लासच्या बाहेर तो कसा आहे, पैशावरून चिडतो का, घरी कोण कोण आहे, आधी कोणावर प्रेम केलंय का, यातलं तुझ्या चार पानांत काहीच नाही. वाड्याचा पेला म्हणजे ते घर. आणि विजयाच्या माळेचा जो पेला आहे ना, त्याच्यावर नीट बघ, पुसट कवटी आहे. तो मला सगळ्यात जास्त छळायचा. ‘शेवटी त्याने मलाच निवडलं’ हा तो पेला. त्यात प्रेम कमी असतं आणि इतके दिवस थांबले ते बरोबर होतं हे सिद्ध करण्याची तहान जास्त. जितके दिवस थांबू तितका तो पेला जड होतो, आणि मग उठवत नाही.

आता पहिला कागद. त्यावर चारच ओळी आल्या. दिवाळीनंतर एकदा पावसात त्याने तुला स्कूटरवरून घरी सोडलं. रात्री ‘पोचलीस का’ असा मेसेज आला. फेब्रुवारीत काकू अॅडमिट होत्या तेव्हा तो कोणी न सांगता आला आणि दोन तास बसला. एप्रिलमध्ये तू मैफिलीला जाऊ या म्हणालीस, दोन वेगवेगळ्या रविवारी, आणि दोन्ही वेळा तो म्हणाला, ‘बघू.’

प्रत्येक ओळीला मी तेच विचारलं. पाऊस: त्याच आठवड्यात त्याने त्या कॉलेजच्या मुलीलाही सोडलं होतं, हे तूच मागच्या पत्रात लिहिलं होतंस. मेसेज: जो सोडतो तो विचारतोच. हॉस्पिटल: इथे हात आहे. आपणहून आला, फक्त तुझ्यासाठी आला, आणि त्याचा त्याला काही फायदा नव्हता. मी हे नाकारणार नाही, तो भला माणूस आहे. पण फोर ऑफ कप्समधल्या त्या चौथ्या पेल्यात काय आहे ते चित्रात दिसत नाही. पेला बाहेरूनच दिसतो. स्नेह असेल, कणव असेल, प्रेमही असेल. त्यासाठी पुढची ओळ बघावी लागते, आणि पुढची ओळ ‘बघू’ आहे, दोनदा. ज्याला यायचं असतं तो ‘या रविवारी नाही, पुढच्या?’ असं म्हणतो. फेब्रुवारीनंतर त्याच्याकडून आपणहून काहीच आलेलं नाही. मला यात मैत्रीचा हात दिसतो. मी चुकत असेन, मी त्याला भेटलेले नाही. पण कागदावर जेवढं आहे त्यावरून तरी हेच दिसतं.

तू लिहिलंयस की नंतर खात्री करायला आणखी कार्डं काढलीस, ‘क्लॅरिफायर’ म्हणून, आणि सहाव्याला टू ऑफ कप्स आलं. ती सहा मी बघितलीच नाहीत असं समज. अठ्ठ्याहत्तरात चौदा कप असतात, काढत राहिलं तर गोड कार्ड कधीतरी हाती लागतंच. मन शांत झाल्यावर आपण थांबतो, आणि थांबलो ते कार्ड खरं मानतो. एका प्रश्नाला एकदाच काढायचं, आणि निदान महिनाभर तो प्रश्न पुन्हा टाकायचा नाही. शिवाय ‘त्याचं माझ्यावर प्रेम आहे का’ हा प्रश्न कार्डांना विचारूच नकोस. त्याच्या मनातलं कार्डांना कळत नाही. ‘माझ्यासमोर खरंच काय आहे आणि मी काय रंगवतेय’ हे विचार. याचं उत्तर त्यांना देता येतं, कारण ते तुझ्यात आहे.

तिसरं कार्ड मात्र मला मनापासून आवडलं. पेज ऑफ कप्स. समुद्राकाठी उभा असलेला पोरगा, पेल्यातून मासा डोकं काढून त्याच्याकडे बघतोय. वेट म्हणतो, मनातली चित्रं इथे आकार घेतात. आणि बघ, पेला त्याच्या स्वतःच्या हातात आहे, पाय जमिनीवर आहेत, ढग नाहीये. ‘आमच्यात’च्या जागी हे आलंय म्हणजे तुमच्यात जे काही आहे ते अजून बोललंच गेलेलं नाही. मग बोल. शनिवारी क्लास सुटल्यावर, मेसेजवर नाही, समोर. “मला तू आवडतोस. तुझ्या मनात तसं काही आहे का? नसेल तर स्पष्ट नाही म्हण, मला चालेल.” याच्या पुढे-मागे काही जोडू नकोस. आणि तो पुन्हा ‘बघू’ म्हणाला तर ते ‘नाही’ असं धर.

एक राहिलंच. पत्राच्या शेवटी, तब्येतीच्या ओळीच्या वर, तू लिहिलंयस की गाण्याच्या बाईंनी गुरुपौर्णिमेला तुला पाऊण तास यमन गायला सांगितलाय आणि तू तीन आठवडे उत्तर दिलेलं नाहीस. त्याला वार आहे, जागा आहे, आणि हात बाईंचा आहे. त्या ओळीवर मी बराच वेळ बोट ठेवून बसले होते. फोर ऑफ कप्स तू ‘तो’च्या जागी ठेवलंस, पण एकदा तुझ्याही जागी ठेवून बघ.

बाईंना कधी सांगतेस ते कळव. मी पुण्याहून सकाळच्या एसटीने येईन, आणि काकूंसाठी ते लिंबाचं लोणचं आणतेय, बिनतेलाचं, त्यांना चालतं ना अजून?

तुझी,
मंदा