तपासणीत न विचारलेले दोन प्रश्न

संपादक महोदय,

मार्चमध्ये यांना हार्ट अटॅक आला. वेळेत अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला, पाचव्या दिवशी घरी आलो. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणे, "वाचलात, आता टेन्शन घेऊ नका." हे मात्र दिवसभर खुर्चीत बसून मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजत. न्हाणीघराची कडी लावायची भीती, पहाटे तीनला जाग, नातू मांडीवर आला तरी चेहरा कोरा. आम्ही म्हणायचो, अशक्तपणा आहे.

तिसऱ्या आठवड्यात गोळ्यांची पाकिटं आवरताना रक्त पातळ ठेवणाऱ्या सहा गोळ्या जास्त निघाल्या. विचारलं तर म्हणाले, "घेऊन काय होणार आहे?" ही गोळी मध्येच सुटली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा अटॅक येऊ शकतो, हे मला डॉक्टरांनी बजावलं होतं. मग धावत गेलो. फॉलोअपला याआधी ईसीजी झाला, बीपी झालं; मनाचं कुणी विचारलंच नव्हतं.

मानसोपचारतज्ज्ञांनी दोनच गोष्टी विचारल्या. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस मन उदास, निराश वाटलं? आणि किती दिवस कशातच रस वाटला नाही? हे गप्प झाले, मग रडले. डॉक्टर म्हणाले, अटॅकनंतर साधारण पाचातल्या एकाला असं पुरतं नैराश्य येतं, सौम्य उदासी तर त्याहून कितीतरी जणांना. मॉन्ट्रियलच्या १९९३ च्या अभ्यासात असे रुग्ण पहिल्या सहा महिन्यांत इतरांपेक्षा जास्त दगावल्याचं दिसलं. गोळ्या सुटतात, चालणं थांबतं, हे त्यामागचं एक कारण.

यांना सर्ट्रालीन सुरू झालं. अटॅकनंतरच्या रुग्णांवर तपासलेलं हे औषध आहे. नैराश्यावरची काही जुनी औषधं हृदयाची लय बिघडवू शकतात, म्हणून दुकानातून आपल्या मनाने काही आणू नये. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांबरोबर सर्ट्रालीन घेताना रक्तस्रावाकडे लक्ष ठेवावं लागतं, तेही सांगितलं. फरक दिसायला तीनेक आठवडे लागले. या उपचाराने मन सावरतं, पण आयुष्य वाढतंच असं सिद्ध झालेलं नाही, हेही डॉक्टरांनी स्पष्ट केलं.

भीती मात्र चालण्यानेच गेली. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली पहिल्या दिवशी पाच मिनिटं. धाप लागली, छाती धडधडली आणि बसल्यावर आपोआप थांबली, हे यांनी स्वतः अनुभवलं. विश्रांतीने न थांबणारं छातीतलं दुखणं मात्र भीती समजून घरी बसायचं नाही, लगेच रुग्णालय गाठायचं, हेही तिथेच कळलं.

माझी मागणी एवढीच: हृदयरुग्णाच्या पहिल्या फॉलोअपच्या कागदावर बीपीच्या रकान्याशेजारी हे दोन प्रश्न छापावेत. आणि ते बरोबर आलेल्या बायकोला, मुलालाही विचारावेत. यांनी आमच्यापासून ते तीन आठवडे लपवलं होतं.

– एक वाचक, सातारा